रेषा सोडलेला राइट बॅक

हेसेल बूर्स्माला राइट बॅक कुणी केलं, हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. शाळा संपता संपता तो नायवाल्ड गावच्या फुटबॉल क्लबात खेळायला गेला, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने त्याचा खेळ थोडा वेळ पाहिला, मग बचावफळीच्या उजवीकडच्या पांढऱ्या रेषेकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "तिकडे उभा राहा. तिथे तुझ्या हातून कमीत कमी नुकसान होईल." हेसेल तिकडे जाऊन उभा राहिला. चाळिशी जवळ आली, गुडघे कुरकुरायला लागले, डोक्यावरचं रान विरळ झालं, तरी तो तिथेच होता.

त्याला ती जागा मनापासून आवडायची. तो म्हणायचा, रेषेला चिकटून उभं राहिलं की माणसाला अर्ध्याच जगाची भीती बाळगावी लागते. एका बाजूने कुणी येत नाही. आलंच तर तो पंच असतो, नाहीतर कुणाचं तरी कुत्रं. पोटापाण्यासाठी तो गाडी चालवायला शिकवायचा आणि दिवसभर शेजारी बसलेल्या घाबरट माणसांना एकच गोष्ट सांगायचा, की तिकडच्या नियमाप्रमाणे उजवीकडून चालवा आणि मध्ये घुसू नका. शनिवारी मैदानावर तो स्वतःही तेच करायचा.

सामन्याच्या दिवशी क्लबच्या कँटीनचं काम त्याची बायको औक्ये बघायची. ती म्हणायची, "आमच्या ह्यांना नवी वाट दाखवली तर हे आधी विचारतील, तिथे पार्किंग आहे का." हेसेल हे वाक्य स्वतःच लोकांना ऐकवायचा. दुसऱ्याने हसण्याआधी आपण हसून घेतलं की कमी लागतं, हे त्याला फार लवकर कळलं होतं.

तर असा हा हेसेल. त्याच्या पायाखालची ती रेषा काढून घेतली रेन्स्के ऑफ्रिंगाने.

रेन्स्के त्या मोसमात पहिल्या संघाची प्रशिक्षक झाली. ती शाळेत व्यायाम शिकवायची. तरुणपणी स्वतः मधल्या फळीत चांगली खेळली होती, आणि घोट्याच्या दुखण्याने तिला खेळ सोडावा लागला होता. आवाज कधी चढवायची नाही. तिच्यापुढे पहिलाच मोठा प्रश्न आला तो शेजारच्या आल्डेफेन गावच्या संघाचा. आल्डेफेनशी नायवाल्ड कितीतरी वर्षं हरत आलं होतं, आणि दर वेळी एकाच पद्धतीने हरायचं. आल्डेफेन पुढे दोन आघाडीवीर ठेवायचं. दोघे सख्खे भाऊ, आडनाव फोप्मा, अंगाने कपाटासारखे आणि धावायला मेंढपाळाच्या कुत्र्यांसारखे. नायवाल्डच्या दोन सेंटर बॅकपैकी, म्हणजे मधल्या बचावपटूंपैकी, कुणाच्याही पायात बॉल आला की हे दोघे त्यांच्या अंगावर यायचे. मधल्या फळीत बॉल घ्यायला एकटा यिबे असायचा. यिबे गाई पाळायचा, आणि बॉल मागायची त्याची पद्धतही गाईला हाक मारावी तशीच, लांबून आणि शांतपणे. पण फोप्मा बंधू अशा बेताने धावायचे, की यिबे बरोबर त्यांच्या पाठीमागे झाकला जायचा. पास द्यायला वाट नाही म्हटल्यावर सेंटर बॅक गोसे बॉल लांब उडवून द्यायचा. तो आल्डेफेनच्या उंच बचावपटूंच्या डोक्यावर पडायचा आणि लगेच परत यायचा. हेसेल हे सगळं रेषेवरून बघायचा. "मी मोकळाच होतो," तो सामना झाल्यावर सांगायचा. मोकळा तो असायचाच. त्याच्याकडे बॉल आला तर समोर आल्डेफेनचा कडेने धावणारा विंगर, पाठीशी रेषा, आणि जायला जागा कुठेच नाही, म्हणून त्याला कुणी द्यायचंच नाही.

एका मंगळवारी सराव संपल्यावर रेन्स्केने त्याला कँटीनमध्ये बसवून घेतलं. औक्ये काउंटर पुसत होती. रेन्स्केने टेबलावर मोहरीच्या चटणीच्या दोन बाटल्या उभ्या केल्या.

"हे फोप्मा," ती म्हणाली.

"शोभतात," हेसेल म्हणाला.

तिने बाटल्यांच्या एका बाजूला कॉफीचे दोन कप मांडले. हे आपले सेंटर बॅक. दुसऱ्या बाजूला, बाटल्यांच्या बरोबर मागे, साखरेचं भांडं. तो यिबे. त्याच्या पुढे दोन चमचे, म्हणजे आपले पुढचे दोन मधले खेळाडू. आणि टेबलाच्या दोन्ही कडांना एकेक बिस्किट ठेवलं.

"हा तू," उजवीकडच्या बिस्किटावर बोट ठेवून ती म्हणाली.

"तुटलेलं बिस्किट मला का?"

"चांगली संपली होती," काउंटरवरून औक्ये म्हणाली.

रेन्स्केने ते बिस्किट कडेवरून उचललं आणि यिबेच्या शेजारी ठेवलं. डावीकडचंही तसंच आत आणलं. "आता मोज. त्यांची मधली फळी चौघांची, पण त्यातले दोघे विंगर, कडेला. बरोबर मध्ये दोनच. आपले आता मध्ये किती?"

हेसेलने मोजले. यिबे, कडेवरून आत आलेले दोन फुलबॅक, पुढचे दोन. "पाच."

"पाचांना दोघं. फोप्मा दोघं पुढे राहिलेत, त्यांच्याशी आपले दोन सेंटर बॅक आणि गोलकीपर खेळतोय, म्हणजे तिथेही आपण एकाने जास्त. ते फक्त धावणार. आता सांग, तुला कोण धरणार?"

"विंगर धरेल की. तो माझाच माणूस आहे."

"धरू दे." तिने एक काटा टेबलाच्या कडेवरून आत सरकवला, हेसेलच्या बिस्किटापाशी. "तो आत आला, तर कडेला काय उरलं? आपला विंगर येल्मर तिथे रेषेवर एकटा. गोसे सरळ त्याला पास देणार. आणि विंगर आत नाही आला, तर तू मोकळा. त्याने काहीही केलं तरी कुठेतरी चुकतंच."

हिशोब पटण्यासारखा होता, पण त्यात आपण आहोत हे पटत नव्हतं. "ठीक आहे," तो म्हणाला, "पण बॉल गेला तर माझी जागा रिकामी. तिकडून त्यांचा विंगर घुसेल."

"घुसेल."

"मग?"

"मग बॉल घालवायचा नाही," रेन्स्के म्हणाली आणि बिस्किट खाऊन टाकलं.

पुढचे आठवडे हेसेलच्या आयुष्यातले सगळ्यात ओशाळवाणे होते, असं तो नंतर सांगायचा. मैदानाच्या मध्यावर त्याला चारी बाजूंनी माणसं दिसायला लागली. पहिल्या दिवशी तो आत गेला आणि सरावातल्या आघाडीवीराच्या नेमका पाठीमागे उभा राहिला. गोसे त्याला शोधत होता, तो हात वर करून ओरडत होता, आणि मध्ये आघाडीवीराची रुंद पाठ. "हेसेल, तू आहेस कुठे?" गोसे विचारायचा. "इथेच," कुठूनतरी आवाज यायचा. रेन्स्के मैदानात आली, त्याचे खांदे धरून त्याला चार पावलं बाजूला सरकवलं. "आता गोसेला तू दिसतोस. तुला तो दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नसतोस. झाडामागे उभं राहून बस थांबवता येत नाही."

दुसऱ्या दिवशी तो दिसत होता, पण त्याचं तोंड पूर्णपणे आपल्या गोलकडे होतं. पास आला, त्याने तो व्यवस्थित थांबवला, आणि मागून येणाऱ्याने तो तितकाच व्यवस्थित काढून नेला. "अंग तिरकं ठेव," रेन्स्के म्हणाली. "बॉल यायच्या आधी मागे बघ. आल्यावर नाही."

"आल्यावर मी बॉलकडे बघतो."

"म्हणून तर आधी बघायचं."

हे त्याला शिकवायची गरज नव्हती, हे औक्येनेच त्याला घरी सुनावलं. चौकात शिरण्याआधी मान वळवली नाही म्हणून तो दिवसभर माणसांवर चिडायचा. जेवताना ती म्हणाली, "तुझ्यासारखा विद्यार्थी तुझ्याच गाडीत बसला तर तू त्याला दुसऱ्याकडे पाठवशील." हेसेलने बटाटे कुस्करत मान डोलावली. त्याला त्यात खोटं काही सापडेना.

वसंतात आल्डेफेनशी सामना आला. आकाश ढगाळ, वारा नेहमीसारखा तिरका, आणि मैदानाभोवती दोन्ही गावची मंडळी. आल्डेफेनच्या त्या बाजूच्या विंगरचं नाव छालिंग. चांगला तरणाबांड, आणि हेसेलचाच जुना विद्यार्थी. गाडी हेसेलने शिकवली, आणि गेली काही वर्षं छालिंग त्याच्या बाजूने भुर्रकन निघून जायचा. सामन्याआधी त्याने हात मिळवला. "बरे आहात ना, सर?"

"आत्तापर्यंत," हेसेल म्हणाला.

खेळ सुरू झाला. गोसेच्या पायात बॉल आला, फोप्मा बंधू सुटले, आणि हेसेल रेषा सोडून आत शिरला. छालिंगने क्षणभर त्याच्याकडे असं बघितलं, जसं एखादा म्हातारा शेजारी पायजम्यावर रस्त्यात आलेला बघावा. मग तोही त्याच्या मागोमाग आत आला. हेसेल मध्ये, छालिंग त्याला चिकटून. पास आला नाही. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही. पहिल्या अर्ध्या तासात हेसेलला बॉल इतक्या कमी वेळा मिळाला, की आपल्या पायात गवत उगवतंय की काय असं त्याला वाटायला लागलं. प्रत्येक वेळी आत जायचं, मान वळवायची, अंग तिरकं ठेवायचं, एखाद्या पाहुण्यासारखं नटूनथटून उभं राहायचं, आणि बॉल दुसरीकडेच जायचा. तो यिबेला म्हणाला, "मला कुणी बघतच नाहीये."

"छालिंग बघतोय की," यिबे म्हणाला.

आणि एवढ्यात गोल झाला. गोसेने जमिनीलगत लांब तिरका पास दिला, थेट उजव्या रेषेवर, जिथे येल्मर एकटा उभा होता. त्याच्यासमोर फक्त आल्डेफेनचा लेफ्ट बॅक. येल्मरने त्याला चकवलं, बॉल गोलसमोर घातला आणि नायवाल्डच्या आघाडीवीराने तो आत लोटला. सगळे येल्मरच्या अंगावर पडले. हेसेलही टाळ्या वाजवत गेला, पण मनात थोडी खंत होती, की या सगळ्यात आपण काहीच केलं नाही.

मध्यंतराला त्याने ती खंत रेन्स्केसमोर काढली. "मला बाहेर काढलंस तरी चालेल. माझ्यापर्यंत बॉल येतच नाही."

रेन्स्के संत्र्याच्या फोडी वाटत होती. "गोसेचा पास गेला कुठून?"

"उजवीकडून. रेषेवरून."

"आणि दर वर्षी तिथे कोण असतं?"

हेसेलने विचार केला. दर वर्षी तिथे तो स्वतः असायचा, आणि त्याच्यासमोर छालिंग, पासच्या वाटेतच. आज दोघेही तिथून उठून मध्ये गेले होते आणि वाट उघडी पडली होती. त्याच्या फुटबॉलच्या आयुष्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही निघाली, की तो आपल्या जागेवर नव्हता. त्याने संत्र्याची फोड तोंडात टाकली. हे घरी सांगायचं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

"आता मात्र ते बदलतील," रेन्स्के सगळ्यांना म्हणाली. "छालिंगला कडेला ठेवतील. म्हणजे हेसेल, आता तुला बॉल येणार. तयार राहा."

आली पंचाईत, असं हेसेलच्या मनात आलं.

तिचं खरं ठरलं. उत्तरार्धात छालिंग येल्मरच्या वाटेत उभा राहिला, हेसेल आत गेला तरी हलेना. गोसेने मान वर केली, मधल्या मोकळ्या जागेत हेसेल दिसला, आणि पास आला. हेसेलने मान वळवली होती, अंग तिरकं होतं, सगळं शिकवल्याबरहुकूम होतं. पण इतकी मोकळी जागा त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. काय करावं हे सुचेपर्यंत आल्डेफेनचा एक खेळाडू अंगावर आला, आणि हेसेलने घाबरून बॉल आडवा यिबेकडे सरकवला. मैदानाच्या मधोमध, आपल्या गोलसमोर, आडवा पास. फोप्मांपैकी धाकट्याने नुसता पाय लांब केला. बॉल त्याला मिळाला, त्याने तो हेसेलच्या रिकाम्या बाजूला ढकलला, आणि तिथून छालिंग सुटला.

हेसेल मागे धावला. तो नंतर सांगायचा, की त्या धावेत त्याला आपलं पूर्ण आयुष्य आठवायला भरपूर वेळ मिळाला. छालिंगने गोल केला तेव्हा हेसेल अजून मैदानाच्या अर्ध्यापाशी होता. एक-एक.

आल्डेफेनच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "घरी जा रे, तुझी रेषा वाट बघतेय." नायवाल्डच्या बाजूने हसू आलं, ते जास्त लागलं. पुढच्या वेळी गोसेच्या पायात बॉल आला, तेव्हा हेसेल जागचा हलला नाही. रेषेवर उभा राहिला. छालिंग समोर. पाठीशी कुणी नाही, अर्ध्याच जगाची भीती. त्याला फार बरं वाटलं. गोसेने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि बॉल लांब उडवला. आल्डेफेनच्या डोक्यावर पडून तो परत आला.

रेन्स्के मैदानाच्या कडेने चालत त्याच्यापाशी आली. "जागा चुकली नव्हती," ती म्हणाली. "पास चुकला. आडवा नाही द्यायचा, पुढे द्यायचा. तुझ्यावर जो धावून आला ना, तो ज्याला सोडून आला तो मोकळा."

"आणि बॉल परत गेला तर?"

"तर मीच सांगितलं होतं म्हणून सांग. सगळ्यांना ते पटेल."

बॉल बाहेर गेला, परत आला. हेसेल रेषेवरच होता. त्याला आपलंच हसू यायला लागलं. इतक्या वर्षांत त्याने माणसांना सांगितलं होतं, की एकदा चूक झाली म्हणून गाडी कायमची गॅरेजमध्ये ठेवायची नसते. एका विधवा बाईंना तर त्याने हे वाक्य चहा पाजून सांगितलं होतं. आणि इथे तो स्वतः रेषेला बिलगून उभा होता.

गोलकीपरने बॉल गोसेला दिला. थोरला फोप्मा गोसेवर धावला. धाकटा यिबेला झाकायला मागे राहिला. हेसेल आत निघाला. फार लवकर नाही, फार उशिरा नाही. फोप्माच्या पाठीमागे नाही, तर फोप्मा आणि छालिंग यांच्या मधल्या फटीत, जिथून गोसेचे डोळे दिसत होते. जाता जाता मान वळवली. आल्डेफेनचा मधला खेळाडू त्याच्याकडे यायला निघाला होता, आणि त्याच्या मागे नायवाल्डचा लोल्के, पुढच्या दोघांपैकी एक, एकटाच उभा होता. टेबलावरचा चमचा, अगदी तिथेच.

पास आला. हेसेलने तो थांबवला नाही. आल्या आल्या, पायाच्या आतल्या बाजूने, धावून येणाऱ्याच्या शेजारून पुढे लोल्केला दिला. पास देखणा नव्हता, थोडा उड्या मारतच गेला, पण पोचला. लोल्के वळला, तेव्हा त्याच्यासमोर फक्त बचावफळी होती आणि आल्डेफेनचे चार जण त्याच्या मागे पडले होते. त्याने आघाडीवीराला पुढे पास दिला, आणि दोन-एक झालं.

या वेळी हेसेल कुणाच्या अंगावर पडला नाही. तो मध्यावर, रंगवलेल्या वर्तुळाच्या कडेला उभा होता, आणि त्याला जाणवलं की आजूबाजूला चारी दिशांना मोकळं मैदान आहे आणि आपल्याला भीती वाटत नाहीये. हे फार टिकलं नाही. पुढच्याच वेळी तो अडखळून पडला, आणि यिबेने त्याला उठवलं.

शेवटचा काही वेळ आल्डेफेनने जोर लावला, पण दोन-एकवरच सामना संपला. दुसऱ्या दिवशी स्थानिक बातमीत येल्मरचं नाव होतं, लोल्केचं होतं, आघाडीवीराचं दोनदा होतं. हेसेलचा उल्लेख एकदाच, "बूर्स्माच्या चुकीमुळे बरोबरी" असा. औक्येने ते कापून फ्रिजवर लावलं. "तुझं नाव आलंय," ती म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिने बटाट्यांबरोबर त्याच्या आवडीचे मांसाचे गोळेही केले होते, आणि वाढताना विचारलं, "तो लोल्के कुठे उभा होता, परत सांग." हेसेलने मीठदाणी उचलली, मिरपूड उचलली, आणि जेवण पार थंड होईपर्यंत सांगत राहिला.

त्या मोसमानंतर तो आणखी दोन मोसम खेळला. आडवा पास त्याने त्यातही एकदा दिलाच, आणि गोल खाल्लाच. मग गुडघ्यांनीच सांगितलं आणि तो दुसऱ्या संघात गेला. तिथे सगळेच त्याच्यासारखे, आणि प्रशिक्षक कुणी नाही, म्हणून बाहेर जाऊन खेळणं आणि आत येऊन खेळणं यात फरक करायची कुणाला शुद्धच नव्हती.

पण त्या सामन्याच्या संध्याकाळची एक गोष्ट तो खुशीत सांगतो. कँटीनमध्ये दोन्ही संघ बिअर पीत बसले होते. छालिंग ग्लास घेऊन त्याच्या टेबलाशी आला आणि खुर्ची ओढून बसला.

"सर, एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही आत गेलात ना, तेव्हा मला कळेचना, तुमच्या मागे यावं की तिथेच थांबावं. आलो तर येल्मरला मिळतं, थांबलो तर तुम्हाला. पूर्ण सामनाभर मी तोच विचार करत होतो. खरं काय करायला हवं होतं?"

हेसेलने आजूबाजूला बघितलं. रेन्स्के लांब होती. औक्ये काउंटरवर ग्लास भरत होती, पण कान इकडे होते.

"मला कसं माहीत असणार?" तो म्हणाला. "मी स्वतः तिथे काय करतोय, हेच मला उत्तरार्धात कळलं."